रॅक आधी रिकामे राहिले, मग पुरले नाहीत: ईपीक्यू काढताना या चुका टाळा

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यासाठी मी काही वर्षांपूर्वी लॉटचा हिशोब करून दिला होता: एका खेपेला किती माल बनवणं सगळ्यात स्वस्त पडतं, म्हणजेच ईपीक्यू. कारखान्यात प्लास्टिकची झाकणं बनतात. काजूगर भरून विकतात ना, त्या बरण्यांची. हिशोबातून आकडा आला १५५ खोकी. मालकांनी विचारलं, "मग रॅक किती खोक्यांचे करू?" मी म्हटलं, "१५५ खोक्यांचे." वेल्डर आला, रॅक उभे राहिले, आणि पुढचं वर्षभर त्यातले साठेक खण रिकामेच राहिले. एका खणात कुणी तरी छत्र्या ठेवायला सुरुवात केली होती.

लॉटचा आकडा बरोबर होता, माझं उत्तर चुकलं होतं. आणि दुसऱ्या वर्षी तेच रॅक कमी पडले, तेव्हा उत्तर नव्हे तर सूत्रच चुकलेलं होतं. या एकाच कारखान्यात मी पाहिलेल्या (आणि केलेल्या) चुका इथे लिहितो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

आधी कारखान्याचं चित्र. एका खोक्यात १,५०० झाकणं बसतात. रोज सकाळी टेम्पो येतो आणि ४ खोकी घेऊन जातो, म्हणजे मागणी रोज ४ खोकी. वर्षाचे कामाचे दिवस ३००, म्हणून वर्षाची मागणी १,२०० खोकी. इंजेक्शन मोल्डिंगचं यंत्र दोन पाळ्यांत दिवसाला १० चांगली खोकी काढतं. यंत्र मागणीच्या अडीच पट वेगाने चालतं, त्यामुळे ते सतत याच मोल्डवर ठेवून चालत नाही. काही दिवस ही झाकणं काढायची, मग मोल्ड उतरवून दुसऱ्यांचं किरकोळ जॉबवर्क करायचं, आणि साठा संपत आला की पुन्हा हा मोल्ड चढवायचा.

मोल्ड चढवणं म्हणजे अर्धा दिवस. चेन पुलीने जुना उतरवा, नवा बसवा, बॅरल साफ करा, तापमान बसेपर्यंत येणारी पहिली झाकणं फेकून द्या. यात बाहेरून येणाऱ्या फिटरचे पैसे, वाया जाणारं प्लास्टिक आणि वीज मिळून २,७०० रुपये जातात. झाकण पडतं दीड रुपयाला, म्हणजे खोकं २,२५० रुपयांचं. व्याज, जागा आणि पावसाळ्यात नरम पडून वाया जाणारा पुठ्ठा धरून ठेवण्याचा खर्च आम्ही किमतीच्या वर्षाला २० टक्के धरला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की जमिनीला टेकलेलं खोकं महिन्याभरात वाकतं, त्यामुळे हे २० टक्के मला जास्त वाटत नाहीत. एक खोकं वर्षभर ठेवण्याचा खर्च झाला ४५० रुपये.

आता दोन सूत्रं. ईओक्यू म्हणजे एका वेळी मागवण्याची सगळ्यात किफायती संख्या, ईपीक्यू म्हणजे एका वेळी बनवण्याची. D वर्षाची मागणी, S एका सेटअपचा, म्हणजे मोल्ड चढवण्याचा खर्च, H एक खोकं वर्षभर ठेवण्याचा खर्च, d रोजची मागणी आणि p यंत्राचा रोजचा वेग:

```
EOQ = sqrt(2*D*S / H)
EPQ = sqrt(2*D*S / (H*(1 - d/p)))

D = 1200   S = 2700   H = 450
d = 4      p = 10
```

वरचं सूत्र विकत आणलेल्या मालाचं: ऑर्डर दिली, ट्रक आला, सगळा माल एकदम गोदामात उतरला. त्यातून १२० खोकी येतात. खालचं स्वतः बनवलेल्या मालाचं: माल रोज थोडा थोडा येतो आणि येता येताच थोडा निघूनही जातो. त्यातून १५४.९, म्हणजे १५५ खोकी येतात. दोन्हींत फरक फक्त त्या कंसाचा आहे. गंमत अशी की १९१३ साली फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने वरचं सूत्र मांडलं ते मुळात कारखान्यात बनणाऱ्या भागांसाठीच, पण लॉट एकदम हाती येतो असं धरून. बनण्याचा वेग हिशोबात धरणारं रूप पाच वर्षांनी, १९१८ साली, टॅफ्ट यांनी दिलं.

चूक पहिली: लॉट म्हणजे साठा असं धरणं

ही माझी चूक. १५५ खोकी बनवायला यंत्राला साडेपंधरा दिवस लागतात. त्या साडेपंधरा दिवसांत टेम्पो यायचा थांबत नाही. रोज १० येतात, ४ जातात, रॅकवर ६ राहतात. साडेपंधरा दिवस गुणिले ६ म्हणजे ९३. रॅकवर एका वेळी ९३ च्या वर खोकी कधी उभी राहणारच नव्हती. कंसातला ०.६ तो हाच: बनलेल्या दर १० खोक्यांतली ६ साठ्याला जातात. यंत्र थांबलं की रोज ४ कमी होत २३ दिवसांनी रॅक रिकामे. एक फेरी पावणेएकोणचाळीस दिवसांच्या आसपास.

याच गोष्टीमुळे ईपीक्यू ईओक्यूपेक्षा मोठी येते. १५५ चा लॉट असूनही सरासरी साठा साडेशेहेचाळीस खोक्यांचा. ठेवण्याचा खर्च कमी पडतो, म्हणून लॉट वाढवून मोल्ड बदलण्याच्या फेऱ्या वाचवणं परवडतं.

ही चूक पैशाच्या बाजूनेही होते. १२० खोक्यांच्या लॉटचा वर्षाचा खर्च ईओक्यूच्या पद्धतीने मांडला तर २७,००० सेटअपचे आणि २७,००० साठ्याचे, एकूण ५४,००० दिसतो. प्रत्यक्षात साठा ७२ खोक्यांच्या वर जातच नाही, म्हणून साठ्याचा खर्च १६,२०० आणि एकूण ४३,२००. झाकणं स्वतः बनवावी की बाहेरून घ्यावी, हा प्रश्न कुणी या ५४ हजारांवर सोडवला तर तो स्वतःच्या यंत्रावर अन्याय करतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. १२० ऐवजी १५५ चा लॉट घेतल्याने वर्षाचा एकूण खर्च ४३,२०० वरून ४१,८०० वर येतो. फायदा १,४०० रुपये. वर्षाचा! खर्चाचा आलेख तळाशी इतका सपाट असतो की लॉट पाव हिस्सा इकडे तिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. मागणी यंत्राच्या वेगाच्या ३० टक्के असेल तर ईओक्यू वापरल्याने खर्च जेमतेम दीड टक्का वाढतो, ५० टक्के असेल तर ६ टक्के. पण मागणी ८० टक्क्यांवर गेली की ईपीक्यू ईओक्यूच्या सव्वादोन पट होते आणि ईओक्यूला चिकटून राहणाऱ्याचा खर्च ३४ टक्क्यांनी वाढतो. मागणी यंत्राच्या जितकी जवळ, तितका कंसाचा जोर. आमच्या कारखान्यात प्रमाण ४० टक्के होतं, म्हणजे खरं नुकसान सूत्राच्या निवडीत नव्हतंच. ते दुसरीकडे होतं.

चूक दुसरी: लॉट अडवून ठेवायचा आणि सूत्र मात्र वाहत्या मालाचं वापरायचं

दुसऱ्या वर्षी मोठ्या ग्राहकाने नियम बदलला. लॉट पूर्ण झाल्यावर त्यातले नमुने तपासायचे, अहवाल आला की मगच त्या लॉटमधलं पहिलं खोकं हलवायचं. तपासणीला ३ दिवस. औषधांच्या कारखान्यात काम केलेल्यांना हे नवं नाही. गोव्यात त्यांची संख्या मोठी आहे, आणि तिथे बॅच सुटेपर्यंत माल वेगळा ठेवण्याची शिस्त असते. प्लास्टिकच्या छोट्या कारखान्यात मात्र ती सवय नव्हती.

महिनाभराने मालकांचा फोन. "टेम्पो रिकामा गेला. आणि रॅकवर ५० खोकी आहेत!" मी गेलो तर खरंच होती, प्रत्येकावर 'तपासणी बाकी' अशी चिठ्ठी. फिटरने जुन्या सवयीने २ खोकी शिल्लक असताना मोल्ड चढवायला घेतला होता. पूर्वी ते बरोबर होतं, कारण मोल्ड चढवायला अर्धा दिवस आणि अर्ध्या दिवसाची मागणी २ खोकी. यंत्र सुरू झालं की पहिल्या संध्याकाळीच माल हाती. आता मात्र यंत्र सुरू झाल्यापासून पहिलं खोकं सुटेपर्यंत साडेपंधरा अधिक तीन, असे साडेअठरा दिवस जाणार होते. तेवढ्या दिवसांना ७४ खोकी लागतात, वर मोल्ड चढवण्याची २. म्हणजे ७६ खोकी शिल्लक असतानाच मोल्ड चढवायला हवा होता.

तो महिना कसाबसा निभावला. पुढच्या फेरीत ७६ वर मोल्ड चढला, टेम्पो भरून गेले, आणि मग रॅक पुरेनात. १५५ चा नवा लॉट पूर्ण झाला त्या दिवशी जुन्या मालाची १२ खोकी तपासणीच्या तीन दिवसांसाठी शिल्लक होती. १६७ खोकी, रॅक १५५ चे. छत्र्या बाहेर आल्या.

इथे थांबून पाहिलं पाहिजे की कंसाचं काय झालं. लॉट अडवून ठेवला की तो एकदम हाती येतो, म्हणजे सुटलेल्या मालापुरतं चित्र ईओक्यूचं: शून्यापासून पूर्ण लॉट, मग उतरत उतरत शून्य. पण त्याच्या बरोबरीने बनत असलेला पुढचा लॉटही रॅकवर चढत असतो, आणि तो काही फुकट उभा नसतो. फेरीच्या ४० टक्के काळात हा चढणारा लॉट सरासरीने अर्धा भरलेला असतो. दोन्ही मिळवले की सरासरी साठा होतो अर्धा लॉट गुणिले १.४. कंसातली वजाबाकी बेरीज होते:

```
=SQRT(2*1200*2700/(450*(1-4/10)))   -> 154.9
=SQRT(2*1200*2700/(450*(1+4/10)))   -> 101.4
```

म्हणजे अडवून ठेवलेल्या लॉटसाठी योग्य आकडा १०१ खोकी. ईपीक्यूपेक्षा तर कमीच, साध्या ईओक्यूपेक्षाही कमी. यंत्र जितकं संथ, तितका हा लॉट लहान हवा, कारण लॉट अर्धवट अवस्थेत जास्त दिवस पडून राहतो. नेहमीच्या ईपीक्यूच्या अगदी उलट. अडवलेल्या परिस्थितीत १५५ वर राहिल्याचं नुकसान वर्षाला ५,८०० रुपयांच्या आसपास येतं, ईओक्यू वापरल्याच्या नुकसानाच्या चौपट. आणि टेम्पो रिकामा जाण्याची किंमत यात धरलेलीच नाही.

तपासणीच्या तीन दिवसांबद्दल एक शंका हमखास येते: त्यांनी लॉट बदलतो का? नाही. तीन दिवस म्हणजे १२ खोक्यांचा कायमचा जादा साठा, लॉट कितीही असला तरी तेवढाच. त्याचा खर्च भरावा लागतो, मोल्ड चढवण्याचा क्षण अलीकडे आणावा लागतो, पण लॉटच्या आकड्याला तो हात लावत नाही.

आम्ही शेवटी लॉट कमी केलाच नाही. ग्राहकाला विचारलं की रोजच्या उत्पादनाला वेगळा लॉट नंबर दिला तर चालेल का. त्यांना चाललं; त्यांना हवा होता तो माग काढता येण्याजोगा नंबर, महिन्याचा ढीग नव्हे. रोज एक नमुना पिशवी जाते, चौथ्या दिवसापासून रोज १० खोकी सुटतात. तपासणीचा खर्च थोडा वाढला, पण माल पुन्हा वाहता झाला आणि वजाबाकीचा कंस परत आला. मोल्ड चढवण्याचा क्षण आता साधारण साडेचार दिवसांच्या साठ्यावर, म्हणजे १८ खोक्यांवर आहे: अर्धा दिवस मोल्डचा, एक दिवस पहिला लॉट बनण्याचा, तीन तपासणीचे.

हे दोष कसे ओळखायचे

मी आता नव्या ठिकाणी गेलो की सूत्राआधी एक वही मागतो. रोज संध्याकाळी विक्रीला मोकळी असलेली आणि अडवलेली खोकी वेगवेगळी मोजून लिहायची, महिनाभर. मग वहीच बोलते. आमच्या उदाहरणात यंत्र चालू असलेल्या दिवशी एकूण साठा ६ ने चढायला हवा आणि बंद असलेल्या दिवशी ४ ने उतरायला हवा. चालू दिवशी साठा ४ नेच चढत असेल तर यंत्र दिवसाला १० नव्हे, ८ खोकी काढतंय. बंद दिवशी ५ ने उतरत असेल तर मागणी आपण समजतो त्याहून जास्त आहे. आणि मोकळा साठा उतरत राहून एका दिवशी अचानक शंभर-दीडशेने उडी मारत असेल, तर माल अडवला जातोय, मग सांगणारा काहीही सांगो.

चूक तिसरी: वेग कागदावरून उचलणं

मोल्डमध्ये ४ खाने, एक फेरी १२ सेकंदांची, म्हणजे तासाला १,२०० झाकणं, १६ तासांत १९,२००, म्हणजे १२.८ खोकी. हा आकडा मोल्डबरोबर आलेल्या कागदावर होता आणि पहिल्या हिशोबात मीही तोच टाकणार होतो. प्रत्यक्षात जेवणाची सुट्टी, मध्येच अडकलेलं झाकण, वीज जाऊन पुन्हा तापवणं, रिजेक्ट माल हे सगळं वजा जाता १० खोकी. सूत्रातला p म्हणजे यंत्र या मोल्डवर असताना दिवसाला हाती येणारा चांगला माल. बिघाड आणि रिजेक्ट त्यातून वजा करायचे, पण मोल्ड बदलण्याचा अर्धा दिवस वजा करायचा नाही. त्याचा खर्च S मध्ये आधीच घेतला आहे. दोन्हीकडे घेतला तर तो दोनदा मोजला जातो.

मागणीचीही अशीच गत. वर्षाची १,२०० खोकी कुणी ३६५ ने भागतो, कारण कॅलेंडर तसं आहे, आणि ३.३ काढतो. यंत्राचा वेग कामाच्या दिवसाचा आणि मागणी कॅलेंडरच्या दिवसाची, अशी भेसळ झाली की d/p चुकतं. दोन्ही चुका एकत्र केल्या तर प्रमाण ०.४ ऐवजी ०.२६ येतं आणि लॉट १३९ खोकी. पैशात याने फार बिघडत नाही, वर सांगितल्याप्रमाणे आलेख सपाट आहे. बिघडतं वेळापत्रक. कागदावर १३९ खोकी अकरा दिवसांत निघतात, यंत्रावर चौदा लागतात, आणि पुढच्या जॉबवर्कवाल्याला दिलेला शब्द तीन दिवसांनी मोडतो.

पर्यटकांच्या हंगामात मागणी रोज ६ खोक्यांवर गेली तेव्हा एक गमतीची गोष्ट दिसली. हंगामापुरता वेग धरून लॉट येतो साधारण २३२ खोकी, पण फेरी पूर्वीइतकीच, ३८.७ दिवसांची, आणि रॅकवरचा कमाल साठाही तोच, ९३. कारण ४ गुणिले ०.६ आणि ६ गुणिले ०.४ दोन्ही २.४ च येतात. यंत्र मात्र साडेपंधराऐवजी २३ दिवस या मोल्डवर अडकतं. वर्षाची सरासरी घेऊन बसलेल्या माणसाला हे कळत नाही. त्याला वाटतं हंगामात गोदाम वाढवावं लागेल, आणि कमी पडतं ते यंत्र. मागणी १० च्या वर गेली तर एक्सेल `#NUM!` दाखवतं. तो सूत्राचा दोष नव्हे. यंत्र मागणीला पुरत नाही, तेव्हा लॉटचा प्रश्नच उरत नाही: मोल्ड उतरवू नका, एवढंच उत्तर.

चूक चौथी: सेटअपच्या खर्चात यंत्राचं भाडं घालणं

हिशोबनिसांनी यंत्राचा तासाचा दर ६०० रुपये काढला होता. मोल्ड बदलायला ८ तास, म्हणून ४,८०० रुपये, वर २,७००, म्हणून S झाला ७,५००. त्यावर लॉट आला २५८ खोकी. हा आकडा पाहून मालक खूश, कारण मोल्ड कमी वेळा बदलावा लागणार. पण त्या ८ तासांत यंत्राने दुसरं काय केलं असतं? तेव्हा जॉबवर्क अधूनमधून यायचं आणि महिन्यातले कितीतरी दिवस यंत्र बंदच असायचं. बंद राहणाऱ्या यंत्राचे ८ तास गेले म्हणून खिशातून काही जात नाही. कर्जाचा हप्ता आणि घसारा मोल्ड कितीही वेळा बदला, तेवढेच. २५८ च्या लॉटने वर्षाला साडेपाच हजारांचं नुकसान झालं असतं. तेच यंत्र रात्रंदिवस भरलेलं असेल आणि ८ तास गेले म्हणजे विकलं गेलेलं काम परत पाठवावं लागत असेल, तर ४,८०० खुशाल घाला. किंबहुना त्या कामातून सुटणारा नफा घाला. माझ्या अनुभवात S हा आकडा सगळ्यात जास्त चुकतो, आणि चुकवणारा सहसा शाळेत गणितात हुशार असतो.

चूक पाचवी: एका यंत्रावर दोन मोल्ड, आणि प्रत्येकाची ईपीक्यू वेगळी

तिसऱ्या वर्षी जॉबवर्क बंद झालं आणि त्याच यंत्रावर छोट्या बरणीच्या झाकणाचा मोल्ड कायमचा आला. त्याची मागणी रोज २ खोकी, यंत्राचा वेग रोज ८, खोकं ठेवण्याचा खर्च वर्षाला ३७५ रुपये, सेटअप तेवढाच. सूत्रातून लॉट १०७ खोकी, यंत्र साडेतेरा दिवस, फेरी साडेत्रेपन्न दिवसांची. यंत्रावरचा भार ४० टक्के अधिक २५ टक्के, म्हणजे ६५. भरपूर जागा आहे असं वाटतं.

भिंतीवर कॅलेंडर लावून दिवस मोजले तेव्हा कळलं. मोठं झाकण शून्याव्या दिवशी सुरू, सोळाव्या दिवसापासून छोटं. मोठं पुन्हा ३९ व्या दिवशी लागतं, यंत्र रिकामं आहे, ठीक. छोटं संपतं ७० व्या दिवशी, सुरू केलं, ते चालणार ८३ पर्यंत. आणि मोठं संपतं ७७ व्या दिवशी. सहा दिवस टेम्पो रिकामा, २४ खोक्यांची तूट. यंत्र तिसरा हिस्सा काळ बंद राहूनही! अशा वेळी फिटर चालू मोल्ड अर्ध्यात उतरवतो, मग तो पंधरा दिवसांनी पुन्हा चढवावा लागतो, आणि सूत्राने वाचवलेले सेटअप दुप्पट होऊन परत येतात. कुठल्याही कारखान्यात 'सूत्र कागदावर ठीक आहे हो' असं ऐकू आलं की मी आधी विचारतो, त्या यंत्रावर आणखी काय चालतं.

ईपीक्यू गृहीत धरते की यंत्र हवं तेव्हा मोकळं मिळेल. दोन माल असतील तर दोघांची फेरी एकच ठेवायची आणि तिची लांबी दोघांचा खर्च मिळून काढायची:

```
T = sqrt(2*(S1+S2) / (H1*D1*(1-d1/p1) + H2*D2*(1-d2/p2)))
  = sqrt(2*5400 / (324000 + 168750))
  = 0.148  (x 300 = 44.4)
```

म्हणजे ४४ कामाच्या दिवसांची फेरी. तिच्यात मोठी झाकणं १७६ खोकी, साडेसतरा दिवस. छोटी ८८ खोकी, ११ दिवस. दोन मोल्ड बदलायला एक दिवस. एकूण साडेएकोणतीस दिवस आणि उरलेले चौदा यंत्र मोकळं. मोठ्या झाकणाचा कमाल साठा १०६ खोकी, छोट्याचा ६६, आणि दोन्ही एकाच दिवशी शिखरावर नसतात. दोघांची आपापली ईपीक्यू एकमेकांत न अडकता चालली असती तर वर्षाचा खर्च ७२,००० आला असता. एका फेरीत तो ७३,००० च्या आत बसतो. टक्कर टाळण्याची किंमत हजार रुपयेसुद्धा नाही.

४४ हा आकडा पवित्र नाही. आम्ही तो ४२ केला, कारण आठवड्याचे सहा दिवस धरून सात आठवडे सरळ बसतात आणि फिटरला कॅलेंडर पाहावं लागत नाही. मोकळे दिवस फेरीच्या शेवटी येतात. चवथीला कामगार गावी जातात तेव्हा यंत्र कुणाच्या तुटीशिवाय बंद ठेवता यावं, म्हणून पहिल्या वर्षी आम्ही फेरीची सुरुवातच मागे मोजत जाऊन जूनमधल्या एका सोमवारी ठेवली. त्या मोकळ्या दिवसांत मोल्डची साफसफाई होते. रॅकवर आता दोन्ही माल बसतात, आणि छत्र्यांना दारामागे खिळा ठोकून दिला आहे.